रेंडरमधलं कौलारू छप्पर खरं कशानं वाटतं?

प्रश्न: ब्लेंडरमध्ये घराचा रेंडर करतोय. छप्पर उतरतं, मातीच्या कौलांचं. चांगलं टेक्स्चर लावलं, नॉर्मल मॅपही दिला, वर शेवाळ रंगवलं, तरी छप्पर छापील पत्र्यासारखं दिसतं. नक्की काय कमी पडतंय?

उत्तर:

आधी एक चाचणी करा. छपरावरचं सगळं टेक्स्चर काढून साधा राखाडी रंग द्या आणि सूर्य असा ठेवा की ऊन आढ्याकडून वळचणीकडे छपराला घासत जाईल. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की समोर जवळजवळ सपाट पृष्ठभाग दिसेल. खरं कौलारू छप्पर राखाडी रंगातही ओळखू येतं, कारण प्रत्येक ओळीच्या खालच्या कडेला सावलीची एक जाडसर रेघ असते. ती सावली कौल कौलावर चढल्यामुळे पडते आणि नॉर्मल मॅप सावली पाडत नाही. म्हणून रंग आणि शेवाळ बाजूला ठेवून सुरुवात कौलं एकमेकांवर चढवण्यापासून करा.

कौलाचं वरचं टोक रिपेला अडकतं आणि खालचं टोक खालच्या कौलाच्या अंगावर टेकतं. त्यामुळे कौल कधीच वाशाच्या उताराला समांतर नसतं, ते थोडं उताणं बसतं. खाचेत बसणारं नेहमीचं कौल धरू: लांबी 410 मिमी, रुंदी 235 मिमी, दोन रिपांमधलं अंतर 320 मिमी, म्हणजे 90 मिमी भाग वरच्या कौलाखाली दडलेला. खालचं टोक साधारण 25 मिमी उचललेलं असेल, तर 320 मिमीला 25 मिमी म्हणजे सुमारे साडेचार अंश. छपराचा उतार 30 अंश असला तरी प्रत्येक कौल साडेपंचवीस अंशांत पडलेलं असतं. एवढ्या फरकानं सावलीची रेघ तर येतेच, शिवाय आकाशाचा उजेडही कौलावर वेगळा पडतो.

आता तुमच्या छपराची एक बाजू 6 मीटर रुंद आणि उतारावर 4 मीटर लांब आहे असं समजू. पहिलं कौल पूर्ण 410 मिमी, पुढची प्रत्येक ओळ 320 मिमीची. 12 ओळींत 3930 मिमी भरतात आणि 70 मिमी उरतात. इथे कौल ताणून 4 मीटर भरून काढू नका, वासाच 70 मिमीनं आखूड करा. खाचेच्या कौलाला सरकायला फारशी जागा नसते, म्हणून बांधणाराही छपराचं माप कौलांवरूनच ठरवतो. आडवं प्रत्येक कौल 205 मिमी जागा झाकतं, तेव्हा 29 कौलं बसतात. एकूण 348 नग. एकाच कौलाच्या इन्स्टन्स म्हणून ठेवले तर मेमरीवर फारसा भार येत नाही.

वळचणीची पहिली ओळ नीट बघा, कारण चूक हमखास तिथे दिसते. तिच्याखाली टेकायला दुसरं कौल नसतं. तशीच सोडली तर ती खाली झुकते आणि बाकीच्या ओळींपेक्षा वेगळी पडते. खऱ्या छपरात तिथे जाड पट्टी ठोकून तिला तेवढीच उंची देतात. तुम्हीही द्या.

मग प्रत्येक कौल जागेवरून अगदी थोडं हलवा: फिरणं अर्ध्या अंशाच्या आत, सरकणं 2 ते 3 मिमी. याहून जास्त दिलं तर कौलं खाचेतून सुटलेली वाटतात आणि डोळा लगेच अडतो. घर जुनं दाखवायचं असेल तर वाशांच्या मध्यावर सगळ्या छपराला 20-30 मिमी झोल द्या. जुनेपणा दाखवायला डागांपेक्षा हा झोल मला जास्त कामाचा वाटतो.

रंगाचं बहुतेकांचं चुकतं ते असं की सगळ्या छपरावर एकच नॉइज पसरवतात. मग रंगाचा ढग चार कौलांवरून सलग वाहत जातो. खरा फरक कौलागणिक असतो, कारण तो भट्टीत ठरतो. माती तीच असली तरी आच किती लागली आणि हवा किती मिळाली यावर तिच्यातल्या लोहाचा रंग बदलतो: भरपूर हवेत लाल, कमी हवेत काळपट. म्हणून `Object Info` नोडचं `Random` घ्या, ते `Color Ramp` मधून न्या आणि त्यावर मूळ रंग हलवा. सगळ्या छटा सारख्या प्रमाणात वाटू नका. दहातली आठ कौलं मधल्या रंगाची, एखादं काळपट, एखादं फिकट, असं ठेवा. `Hue` 0.49 ते 0.51 मध्येच राहू द्या, उजळपणा 0.85 ते 1.1. ह्यू जास्त हलवला की छप्पर रंगीत ठोकळ्यांचं होतं. त्याच `Random` नं टेक्स्चरची जागाही सरकवा, नाहीतर एकच डाग 348 वेळा दिसेल.

इथे एक अडचण येते. `Array` मॉडिफायर वापरला किंवा `Realize Instances` लावलं तर सगळी कौलं मिळून एकच वस्तू होते, आणि `Random` सर्वांना एकच आकडा देतो. सगळं छप्पर एका रंगाचं निघालं तर कारण बहुधा हेच. अशा वेळी `Cycles` मध्ये `Geometry` नोडचं `Random Per Island` चालतं.

आता शेवाळ. ते रंगवायचं नसतं, पाणी कुठे रेंगाळतं ते शोधायचं असतं. दोन कौलांच्या सांध्यात, वरच्या कौलाच्या ओठाशी आणि खाचेत ओल टिकते, धूळ साठते, तिथे ते धरतं. उंचवटे लवकर वाळतात, म्हणून ते उघडे राहतात. `Ambient Occlusion` नोडला 5 सेमी अंतर दिलं की सांध्यांचा मास्क मिळतो. पण तेवढ्यावर थांबलात तर प्रत्येक सांध्यात सारखीच हिरवी रेघ येते, आणि ती मळलेल्या फरशीच्या फटींसारखी दिसते. त्याला दोन गोष्टींनी गुणा: एक मोठ्या आकाराचा नॉइज, म्हणजे मीटर-दीड मीटरचे पट्टे सुटतील, आणि आढ्याकडून वळचणीकडे वाढत जाणारा ग्रेडियंट, कारण खालच्या ओळींवरून सगळ्या वरच्या ओळींचं पाणी जातं. हे दोन्ही कौलाच्या नव्हे, छपराच्या मापात हवेत. त्यासाठी छपरावर एक `Empty` ठेवा आणि `Texture Coordinate` नोडमध्ये तो निवडा.

सूर्याशी मेळ बसवायला विसरू नका. दृश्यात ज्या बाजूला दिवसभर ऊन आहे तिथे दाट शेवाळ आणि सावलीतली बाजू कोरडी, असं उलटं झालं तर कारण न कळताही बघणाऱ्याला खटकतं. धुराड्याभोवती तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा दाखवला असेल तर त्याच्या खालचा पट्टा स्वच्छ ठेवा. पत्र्यावरून येणाऱ्या पाण्यात धातूचा अंश असतो आणि त्यात शेवाळ जगत नाही.

शेवाळाचा रंग पोपटी नको, करडेपणाकडे झुकणारा हिरवा-तपकिरी घ्या आणि खरखरीतपणा 1 ठेवा. कॅमेरा जवळ असेल तर सांध्यात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंचीचे खरे पुंजके पेरा, नुसता रंग तिथे पुरत नाही.

घर चित्रात लहानसं असेल तर पुंजके सोडून द्या, ते कोणाला दिसणार नाहीत. मधल्या भागासाठी नॉर्मल मॅपही चालेल, मात्र वळचण, आढं आणि दोन्ही बाजूंच्या कडा खऱ्या कौलांच्याच ठेवा. आकाशासमोर त्यांची नागमोडी कड दिसते, आणि ती सरळ रेघ असली की वरचं बाकी काम वाया जातं.