नवऱ्याचा स्कूप, तुमचं यकृत

*ताई, मी ३४ वर्षांची, वजन ५८ किलो. ऑफिस ऐरोलीला, घर ठाण्यात घोडबंदर रोडला. आठवड्यातून चार दिवस रात्री ८ ते ९ जिम. दमून जाते म्हणून ऐरोली स्टेशनवरच सव्वासातला नवऱ्याच्या डब्यातलं प्री-वर्कआउट एक स्कूप पाण्यात ढवळून घेते. साडेअकराला आडवी होते, पण डोळा लागायला दीड वाजतो. सहाला उठावंच लागतं. तीन महिने हेच चाललंय. पायांचा व्यायाम केला की तीन-तीन दिवस जिना उतरता येत नाही, वजनं तर वाढतच नाहीत. मुलीवर उगाच खेकसते. नवरा तेच पावडर घेतो आणि उशीला डोकं टेकताच घोरतो, म्हणतो, तू विचार फार करतेस. मला अँग्झायटी झालीय का? बाकी तब्येत ठीक आहे. पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत तेवढंच. कॉफी सकाळी एक, चारला एक.*

*— जागी, ठाणे*

जागीताई, पत्रात तुम्ही सगळ्यात शेवटी, "तेवढंच" म्हणून जे लिहिलंय, उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी.

त्या पावडरमधलं आणि कॉफीतलं कॅफिन शरीरातून बाहेर काढायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, सीवायपी-१ए-२. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या एन्झाइमला मंद करतात, आणि पीसीओडीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा इस्ट्रोजेन असतं. पाकिटावर 'इथिनिल इस्ट्रॅडिऑल' लिहिलंय का ते बघा. एरवी घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं निघून जायला साधारण ५ तास लागतात. या गोळ्या चालू असल्या की तोच वेळ जवळपास दुप्पट होतो. म्हणून एकाच डब्यातला एकच स्कूप तुमच्या दोघांच्या अंगात सारखा वागत नाही. गोळ्या मात्र यासाठी मनाने बंद करू नका. सोडायचं आहे ते पावडर.

आता हिशोब मांडू. बाजारातल्या बऱ्याच प्री-वर्कआउटमध्ये एका स्कूपला १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. तुमच्या डब्यावरचा आकडा तुम्ही कळवला नाहीत, म्हणून त्यातला २५० धरते. व्यायामाआधी वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम ही अभ्यासात सगळ्यात जास्त वापरली गेलेली मात्रा आहे, आणि पुष्कळांना २ ते ३ मध्येही फरक जाणवतो. तुम्हाला २५० म्हणजे किलोमागे ४.३ पडतं. नवरा समजा ८० किलोचा असेल, तर त्याला ३.१. म्हणजे मात्रा मुळातच तुम्हाला जास्त, आणि ती उतरणारही निम्म्या वेगाने.

सव्वासातच्या २५० पैकी साडेअकराला, तुम्ही दिवा मालवता तेव्हा, १८५ च्या आसपास शिल्लक असतं. दीडला १६०. सहाचा गजर होतो तेव्हाही सव्वाशेच्या जवळ, म्हणजे उठतानाच तुमच्या अंगात दोन कप कॉफी असते. लागोपाठच्या दिवशी जिम असली तर नवा स्कूप पडताना आदल्या दिवशीचं पन्नासेक मिलिग्रॅम उरलेलंच असतं. त्यात चारची कॉफी आणि सकाळची कॉफी मिळवली, की साडेअकराला एकूण बेरीज अडीचशेच्या वर जाते. थोडक्यात, जिमच्या दर रात्री तुम्ही जवळजवळ अख्खा स्कूप पोटात घेऊन गादीवर पडता आणि मग झोप का येत नाही म्हणून स्वतःच्या मनाला दोष देता. अँग्झायटी नाहीच असं मी पत्रावरून म्हणणार नाही, पण हे निस्तरल्याशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही. धडधड, चिडचिड, डोक्यात विचारांची गर्दी हे सगळं कॅफिनही करतं.

आता घोरणाऱ्या नवऱ्याबद्दल. झोप लागणं आणि झोप चांगली होणं या दोन गोष्टी आहेत. २०१३ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांना झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं होतं. यंत्राने मोजलं तर त्यांची झोप तासाभराहून जास्त घटलेली निघाली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या नोंदींत मात्र ती घट तशी उमटली नाही. तेव्हा नवऱ्याला "मला काही होत नाही" म्हणू द्या, ती साक्ष धरायची नाही.

पाय तीन दिवस दुखतात त्यालाही याचा हातभार असावा. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं आणि तेच झोपेचा दाब तयार करतं. कॅफिन ते काढून टाकत नाही, फक्त त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा आहे तिथेच राहतो, तुम्हाला तो कळत नाही इतकंच. शिवाय कॅफिनने गाढ झोप पातळ होते, आणि रात्रीच्या पहिल्या भागातली हीच गाढ झोप ग्रोथ हार्मोन सुटायची मुख्य वेळ असते. तुमच्या हातात मुळात साडेचार तास, आणि त्यातलाही कस गेलेला. मग दुसऱ्या दिवशी चारला डोळे मिटायला लागतात, कॉफी होते, सातला पुन्हा स्कूप. यात कमाई किती? वजनं उचलण्यात कॅफिनचा फायदा लहान असतो, सेटला एखाद-दुसरा रेप. लांब धावण्यात, सायकलिंगमध्ये तो जास्त स्पष्ट दिसतो. एका रेपसाठी दोन तास झोप देणं हा तोट्याचा सौदा आहे.

स्कूप घेतल्यावर चेहऱ्याला, कानांना मुंग्या येतात ना? त्या कॅफिनच्या नाहीत, त्याच पावडरमधल्या बीटा-अॅलॅनिनच्या आहेत. मुंग्या आल्या म्हणजे 'चढलं' असं समजून पुष्कळ जण चुकतात.

तर करायचं काय. एकदम सगळं तोडू नका. रोजचं कॅफिन अचानक थांबलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि हे आठवडाभर रेंगाळू शकतं. त्यात माणूस म्हणतो, "बघा, मला ते लागतंच." म्हणून पहिला आठवडा अर्धा स्कूप घ्या आणि चारची कॉफी दुपारी बाराच्या आत सरकवा. अर्धा स्कूप डोळ्यांनी ठरवू नका. पावडर खाली बसतं, आपल्याकडच्या दमट हवेत गोळे धरतं आणि एकच स्कूप कधी सैल तर कधी दाबून भरला जातो. डब्यावर एका सर्व्हिंगचे ग्रॅम दिलेले असतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याच्या निम्मं तोला. दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळचा स्कूप पूर्ण बंद. सकाळी सातची एक कॉफी आणि हवीच असेल तर अकराच्या आत दुसरी. त्यातलं रात्री साडेअकराला चाळीस-पंचेचाळीस मिलिग्रॅम उरेल, ते बहुतेकांना चालतं. चारचा चहासुद्धा मोजायचा, कटिंगमध्येही कॅफिन असतंच.

तुम्ही विचाराल, मग आठला अंगात जोर कुठून आणायचा? मला वाटतं, संध्याकाळी तुम्ही ज्याला थकवा म्हणता त्यात निम्मी भूक आहे. एकच्या डब्यानंतर आठपर्यंत पोटात कॉफीशिवाय बहुधा काही गेलेलं नसतं, आणि गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून घाम गाळलेला. साडेसहाला, ऑफिसातून निघायच्या आधी, दोन केळी किंवा वाटीभर पोहे आणि एक मोठा ग्लास पाणी घ्या. पहिले आठ-दहा दिवस वजनं जड लागतील. त्या दिवसांत मुद्दाम थोडं कमी उचला आणि त्यावरून निष्कर्ष काढू नका.

कॅफिन घेऊन व्यायाम करायची हौस असेल तर तो शनिवार-रविवारी सकाळी करा. तुमच्या वजनाला किलोमागे २ म्हणजे सुमारे ११५ मिलिग्रॅम पुरेत. शुद्ध इन्स्टंट कॉफीचे सपाट दोन चमचे, म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास, साधारण तेवढे भरतात. पाकिटावर चिकोरी किती टक्के ते वाचा. ३० टक्के असेल तर कॅफिन त्या प्रमाणात कमी धरायचं. व्यायामाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी प्यायचं. सातला घेतलं तर रात्री अकराला त्यातलं ४० उरेल. हाच अख्खा स्कूप सकाळी सातला घेतलात तरी रात्री अकराला ८० उरतं, म्हणून "सकाळी घेतलं की चालतं" हे तुमच्या बाबतीत निम्मंच खरं आहे. एनर्जी ड्रिंकचा २५० मिलीचा कॅन नियमाने जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅमचा असतो, पण त्यातली साखरही बघा.

फरक पडतोय की नाही हे तीन गोष्टींवरून कळेल. सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा आणि लिहून ठेवा. दिवा मालवल्यापासून डोळा लागेपर्यंत अंदाजे किती वेळ गेला तेही, पण रात्री घड्याळ बघायचं नाही, सकाळी आठवून लिहायचं. आणि एकाच वजनाला स्क्वॉटचे किती रेप होतात ते आठवड्यातून एकदा. डोकेदुखीचा आठवडा सोडून पुढच्या दोन आठवड्यांचे आकडे धरा. नाडी काही ठोक्यांनी उतरली, झोप अर्ध्या तासात लागू लागली, पाय दीड-दोन दिवसांत मोकळे झाले, तर कारण सापडलं.

या सगळ्यानंतरही रात्री दीडच वाजत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा आणि तेव्हा अँग्झायटीबद्दल नक्की विचारा. ठोके अनियमित पडणं, छातीत दुखणं, भोवळ येणं यातलं काही झालं तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. एक काम या आठवड्यातच उरका: रक्तदाब मोजून घ्या. तुमच्या गोळ्या काहींचा रक्तदाब वाढवतात आणि कॅफिनही थोडा वेळ वाढवतं. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना पावडरच्या डब्यामागच्या लेबलचा फोटो दाखवा. आणि पुढे गोळ्या थांबवून बाळाचा विचार असेल तर हेही सांगून ठेवते, गरोदरपणात कॅफिन याहूनही सावकाश उतरतं आणि दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे तुमच्या एका स्कूपपेक्षाही कमी.