डायरी मॅडमसाठी नको, स्वतःसाठी

प्रश्न: काउन्सेलिंगच्या दोन सेशनच्या मधे डायरी लिहितो, पण मॅडम वाचणार म्हणून आपोआप चांगलंचुंगलं लिहिलं जातं. काय करू?

वही मॅडमना देऊच नका, सेशनच्या आदल्या रात्री त्यातल्या दोन नोंदी निवडा आणि तेवढ्याच वाचून दाखवा. मी पुण्यात काउन्सेलिंग करते, वाचणारं कोणी आहे म्हटलं की माणूस घटना सोडून खुलासे लिहायला लागतो हे नेहमी दिसतं. ‘साहेब माझ्यावर खार खातात’ या ओळीतून काही हाती लागत नाही. त्याऐवजी त्याच दिवशी असं लिहा: मंगळवार, सकाळी साडेनऊ, स्वारगेटला बसमध्ये, साहेबांचा मेसेज ‘आल्यावर भेट’. डोक्यात आलं, आज नोकरी गेली. भीती १०० पैकी ८०, पोटात गोळा. मग काय केलं? फोन बंद केला, घरी परत. ही शेवटची ओळच लोक गाळतात, लाज वाटते ना, आणि सेशनमध्ये नेमकी तीच लागते. दुसऱ्या दिवशी कळलं की साहेबांना फक्त रजेचा फॉर्म हवा होता, तर जुनं खोडू नका, खाली तारीख टाकून लिहा. फक्त एक गोष्ट, पंधरा मिनिटं लिहून आकडा ८० चा ९० होत असेल तर ते नुसतं उगाळणं चाललंय, वही मिटा आणि हेच सेशनमध्ये सांगा.