वीस वर्षं झाली म्हणून दाखला खरा होत नाही

राहुल, तू ठाण्यात नवीन लागलायस म्हणून सांगतो. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी अजून आली नाही, पण पगार चालू आहे, म्हणून निवांत राहू नकोस.

आमच्या खात्यातले एक हेडक्लार्क राखीव जागेवर लागले होते. वीसेक वर्षांनी त्यांचं प्रकरण जात पडताळणी समितीपुढे गेलं. दक्षता पथकाने गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर काढलं. वडिलांच्या नावापुढची जात वेगळ्या शाईत, मागाहून घुसडलेली. दाखला रद्द झाला.

"इतकी वर्षं इमानदारीत काम केलं" हा बचाव टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की कितीही वर्षं झाली तरी खोट्या दाखल्यावरची नोकरी वाचत नाही. राज्याच्या जात पडताळणी कायद्यातही कलम 10 खाली नोकरी जाते आणि कलम 11 खाली खोट्या दाखल्याबद्दल सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची तर थेट हायकोर्टात रिट.

तेव्हा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना चौदामधली जन्म-मृत्यूची नोंद, जे मिळेल ते आत्ताच काढ. खाडाखोड दिसली तर लपवू नकोस, त्या शाळेकडूनच मूळ नोंदीची साक्षांकित प्रत घे. आणि एजंट? त्याला दारातही उभं करू नकोस.