किल्ली कुलपाच्या अलीकडेच ठेव

गेमसाठी खोल्यांचा रँडम नकाशा बनवायचा, फ्लड फिलने, म्हणजे एका चौकोनातून शेजारच्या मोकळ्या चौकोनांत पसरत जाऊन, तपासायचा, तुटका निघाला की फेकायचा, हे चालतं. पण मला तो उलटा कारभार वाटतो. त्यापेक्षा खोल्या मांडल्या की स्पॅनिंग ट्री, म्हणजे सगळ्या खोल्यांना कुठेही वळसा न होता जोडणारी रचना, काढ आणि तिच्या प्रत्येक कडेवर कॉरिडॉर खण. १२ खोल्यांना ११ कॉरिडॉर, एकही खोली सुटत नाही.

आता एका कॉरिडॉरला कुलूप लावलंस की नकाशाचे दोन तुकडे होतात. सुरुवातीची खोली ज्या तुकड्यात, त्यातच किल्ली ठेव, बॉस पलीकडे. जादा कॉरिडॉर हवे असतील तर एकाच तुकड्याच्या आत घाल.

फसगत ग्रिडवर होते. एखादा कॉरिडॉर खणताना दुसऱ्याला छेदून जातो, आणि खेळाडू किल्लीशिवायच बॉससमोर! म्हणून कुलपाचा चौकोन भिंत धरून सुरुवातीच्या खोलीतून फ्लड फिल चालव: किल्ली सापडली पाहिजे, बॉस सापडता कामा नये.