नोंदवहीत चूक आहे की बदल कळवायचा राहिलाय?

प्रश्न : आमची तिघा भावांची नोंदणीकृत भागीदारी फर्म आहे. कर्जासाठी बँकेने फर्मच्या नोंदीचा उतारा मागितला, तेव्हा कळलं की माझ्या वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’ऐवजी ‘दत्ताजी’ लागलंय, तेही फक्त माझ्याच नोंदीत. फर्मचा पत्ताही जुनाच आहे, जागा बदलून दोन वर्षं झाली. नव्या जागेच्या महापालिकेच्या परवान्यावरही ‘दत्ताजी’च आहे. दोन्ही कार्यालयांत हेलपाटे घातले, सगळे म्हणतात ‘अर्ज द्या’. एकच अर्ज लिहून दोन्हीकडे दिला तर चालेल का? गॅझेट करावं लागेल का?

उत्तर : एक अर्ज दोन्हीकडे चालणार नाही. तुम्हाला तीन वेगळे कागद द्यावे लागतील, आणि तेही क्रमाने. गॅझेटच्या वाटेला मात्र जाऊ नका. गॅझेट नाव बदलणाऱ्यासाठी असतं. तुमच्या वडिलांचं नाव कधी बदललेलंच नाही, ते लिहिताना चुकलंय. उद्या कुणी विचारलं की ‘आधी दत्ताजी होते ना?’, तर तुमच्याच गॅझेटने त्याला ‘हो’ म्हटल्यासारखं होईल. म्हणून अर्जात ‘नावात बदल’ हे शब्दही नकोत. ‘लेखनचुकीची दुरुस्ती’ म्हणा.

लिहायला बसण्याआधी चूक कुणाची ते बघा. फर्म नोंदवताना तुम्ही तिघांनी सह्या करून जे निवेदन दिलं होतं, ते फर्म निबंधकांच्या कार्यालयात असतं. ते तिथे जाऊन बघा, आणि नोंदवहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत रीतसर मागून घ्या. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 66 प्रमाणे दाखल निवेदन बघता येतं आणि कलम 67 प्रमाणे नोंदीची प्रमाणित प्रत मिळते. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

निवेदनात ‘दत्तात्रय’ असेल आणि नोंदवहीत ‘दत्ताजी’ उतरलं असेल, तर चूक कार्यालयाची. अशा वेळी कलम 64(1) लागतं. दाखल कागदांशी नोंद जुळवून घेण्याचा अधिकार निबंधकांना ‘कधीही’ आहे, त्यामुळे ‘इतक्या वर्षांनी कसं होणार?’ या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. पण निवेदनातच ‘दत्ताजी’ असेल, तर चूक तुमची आणि कलम 64(2) लागतं. तिथे मूळ कागदावर ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या, त्या सगळ्यांनी मिळून अर्ज करायचा असतो. तुम्ही एकट्याने सही करून दिलेला अर्ज परत येईल, नाहीतर कारण न सांगता नुसता पडून राहील. सही करणाऱ्यांपैकी कुणी हयात नसेल किंवा अडून बसला असेल, तर हा मार्ग अवघड होतो. तेव्हा आधी वकिलाला कागद दाखवा.

हे मी अनुभवाने सांगतोय. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका अशिलासाठी मी ‘आपल्या कार्यालयाच्या निष्काळजीपणामुळे’ अशी जोरदार सुरुवात करून अर्ज ठोकला होता. लिपिकाने शांतपणे संचिका उघडली आणि आमचंच निवेदन माझ्यापुढे सरकवलं. चूक त्यातच होती, खाली आमच्या अशिलाची ठसठशीत सही. तेव्हापासून मी अर्जात दोष कुणाला देत नाही. ‘नोंदीत अशी तफावत दिसून येते’ एवढंच लिहितो.

आता अर्ज. टेबलावरचा माणूस विषयाची ओळ आणि पहिला परिच्छेद वाचतो, त्यामुळे सगळा जीव तिथे हवा. कार्यालयाची चूक निघाली असं धरून नमुना देतो:

*विषय : फर्म नोंदणी क्रमांक ……, भागीदार क्र. 2 यांच्या वडिलांच्या नावातील लेखनचूक कलम 64(1) अन्वये दुरुस्त करण्याबाबत.*

*‘वरील फर्मच्या नोंदीत भागीदार क्र. 2 यांच्या वडिलांचे नाव सध्या “दत्ताजी” असे आहे. दि. …… रोजी दाखल केलेल्या निवेदनात ते “दत्तात्रय” असे आहे. तरी नोंद निवेदनाप्रमाणे “दत्तात्रय” अशी दुरुस्त करून दुरुस्त नोंदीची प्रमाणित प्रत मिळावी. इतर कोणत्याही तपशिलात दुरुस्ती मागितलेली नाही.’*

चूक तुमच्या निवेदनात निघाली, तर कलम बदला, खाली तिघांच्या सह्या घ्या आणि ‘दाखल केलेल्या निवेदनात’ऐवजी ज्या पुराव्यावर भिस्त आहे त्याचं नाव घाला. शाळा सोडल्याचा दाखला किंवा वडिलांचं नाव असलेलं एखादं जुनं सरकारी कागदपत्र चालेल. ते जितकं फर्मच्या नोंदणीच्या आधीचं, तितकं वजन जास्त. भावांच्या नोंदीत ‘दत्तात्रय’ आहे, हाही तुमचा पुरावाच आहे, त्याचा उल्लेख विसरू नका.

नमुन्यातलं शेवटचं वाक्य काढू नका. एका अर्जात चार मागण्या आल्या की संचिका चार टेबलांवर फिरते. म्हणूनच पत्त्याची गोष्ट या अर्जात घालायची नाही. नोंदणीच्या वेळी जुना पत्ता खराच होता, ती चूक नव्हे. जागा बदलली आणि तुम्ही कळवली नाहीत. मुख्य ठिकाण बदलल्याचं कलम 60 प्रमाणे ठरलेल्या नमुन्यात, सह्या आणि सत्यापनासह कळवावं लागतं. महाराष्ट्रात त्याला मुदत आहे आणि ती तुम्ही चुकवली आहे, तेव्हा उशिराच्या दंडाची तयारी ठेवा. दंड टाळायला ‘पत्ता चुकीचा लागला होता’ असं लिहायचा मोह होईल. ते खोटं निवेदन ठरेल आणि जुन्या जागेचा भाडेकरारच तुमच्या विरोधात बोलेल.

महापालिकेचा अर्ज सगळ्यात शेवटी. परवान्यावर ‘दत्ताजी’ आलं ते बहुधा तुम्ही जोडलेल्या उताऱ्यावरून. तो उतारा तसाच असताना परवाना विभागाने नाव बदललं, तर त्यांच्या संचिकेत आधार काय राहील? दुरुस्त नोंदीची प्रमाणित प्रत हातात आली की ती जोडून, परवाना क्रमांक टाकून एका पानाचा अर्ज द्या. परवानाधारक फर्म तीच आहे, जागा आणि व्यवसाय तेच आहेत, हे त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचा अर्ज हस्तांतराचा समजून नव्या परवान्याचे कागद मागतील.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर ठेवून येऊ नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच झाल्याचा पुरावा जपून ठेवा. आतापर्यंत घातलेल्या हेलपाट्यांची कुठेही नोंद नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अजून काहीच मागितलेलं नाही.

अर्ज देऊनही हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकारात ‘अर्ज का अडला?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं टाळता येतं. ‘आवक क्रमांक …… च्या माझ्या अर्जावरील टिपणीची प्रत आणि तो सध्या ज्यांच्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम’ एवढंच मागा. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा टिपणीत एखादा जास्तीचा कागद हवा असं लिहिलेलं निघतं, जे तुम्हाला कुणी कळवलेलंच नसतं.

बँकेला तोवर थांबवायचं असेल, तर आवक शिक्क्याची प्रत आणि ‘दत्ताजी’ व ‘दत्तात्रय’ ही एकाच व्यक्तीची नावं असल्याचं तुमचं प्रतिज्ञापत्र द्या. काही बँका तेवढ्यावर पुढे जातात. पण प्रतिज्ञापत्राने नोंदवही बदलत नाही. फर्मला एखाद्या देणेकऱ्यावर दावा लावायची वेळ आली, तर कलम 69(2) प्रमाणे दावा लावणारे नोंदवहीत भागीदार म्हणून दिसावे लागतात, आणि समोरचा वकील पहिल्यांदा तुमच्या त्या नोंदीतलाच ‘दत्ताजी’ काढून दाखवेल.