वारशाचं सोनं विकताना नफा कुठून मोजायचा?

आई २०१६ मध्ये गेली. तेव्हा भावंडांच्या वाटणीसाठी सराफाकडून मूल्यांकन करून घेतलं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या ८४ ग्रॅम दागिन्यांची किंमत २,०५,००० लिहिली आहे. दागिने आईच्या लग्नातले, १९८५ आधीचे. आता विकले तर नफा या आकड्यापासूनच धरायचा ना?

नाही. या विषयात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वाटणीच्या किंवा मृत्यूच्या दिवशीची किंमत भावंडांत समान हिस्से पाडायला उपयोगी पडते, आयकराला तिचं काही देणंघेणं नाही. कर मोजताना तुम्ही आईच्या जागी उभ्या राहता. दागिना आईकडे कधी आला ती तारीख आणि तेव्हाची किंमत, हीच तुमची तारीख आणि तुमची किंमत. आईलाही तो आजीकडून मिळाला असेल, तर ज्याने प्रत्यक्ष विकत घेतला त्याच्यापर्यंत मागे जायचं. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल, तर मूळ किंमत किंवा त्या दिवशीचा बाजारभाव, यांतला तुमच्या फायद्याचा आकडा निवडता येतो.

तुमच्याच दागिन्यांचा हिशेब करू. ८४ ग्रॅम हे ढोबळ वजन. खडे, दोरा, मण्यांतली लाख निघाल्यावर निव्वळ वजन ८० ग्रॅम भरलं असं धरा. जुन्या दागिन्यांत डाग, म्हणजे जोड बसवायला वापरलेला मिश्र धातू, जास्त असतो, त्यामुळे २२ कॅरेट म्हणून घेतलेलं सोनं आटवल्यावर बरेचदा २१ च्या आसपास निघतं. साडेसत्त्याऐंशी टक्के शुद्धता धरली, तर शुद्ध सोनं ७० ग्रॅम. आज २४ कॅरेटचा दर ग्रॅमला १२,००० आहे असं समजू (तुम्ही विकाल त्या दिवशीचा दर घाला). होतात ८,४०,०००. सराफाने दोन टक्के कापले, तर हातात ८,२३,२००.

आता २००१ ची बाजू. त्या सुमारास शुद्ध सोनं दहा ग्रॅमला साधारण ४,२०० ते ४,३०० रुपये होतं. ४,२०० धरले, तर ७० ग्रॅमचे २९,४००. नफा ७,९३,८००. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ९९,२२५, वर चार टक्के उपकर ३,९६९, एकूण १,०३,१९४ रुपये. वाटणीचा आकडा धरला असता तर कर ८०,३६६ आला असता. उरलेले जवळपास तेवीस हजार पुढे नोटीस आल्यावर व्याजासकट भरावे लागले असते.

महागाई निर्देशांकाने किंमत वाढवण्याची सोय सोन्याला २३ जुलै २०२४ पासून उरलेली नाही. जुन्या लेखांत दिसणारा वीस टक्क्यांचा हिशेब आता विसरा.

एक काम मात्र विकण्याआधीच करा. नोंदणीकृत मूल्यमापकाकडून १ एप्रिल २००१ रोजीच्या किमतीचा अहवाल आजही मिळतो, पण त्याला दागिना डोळ्यांनी पाहावा लागतो. अहवालात फोटो, ढोबळ वजन, निव्वळ वजन आणि शुद्धता हवी. आटणीत गेलेल्या दागिन्याचं मूल्यांकन नंतर कसं करणार? सराफाच्या खरेदी पावतीवरचं वजन अहवालाशी जुळतंय ना, तेही तिथल्या तिथे पाहा. अहवालात ८४ ग्रॅमवर किंमत काढली आणि पावती ८० ग्रॅमची निघाली, की तपासणीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

आजीच्या जुन्या कागदावर गोठांचं वजन "पाच तोळे चार मासे" आहे. सराफाच्या काट्यावर ६१ ग्रॅम भरले. आमच्या हिशेबाने ते ५४ ग्रॅमच्या आत हवेत. कागद दुसऱ्याच दागिन्याचा आहे का?

कागद बहुधा याच गोठांचा आहे. आज आपण बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो, तो दशमान पद्धत आल्यानंतरचा. आजीच्या कागदातला तोळा ११.६६४ ग्रॅमचा आणि त्याचे बारा मासे. पाच तोळ्यांचे ५८.३२ ग्रॅम, चार माशांचे ३.८९, मिळून ६२.२ ग्रॅम. म्हणजे उलट सव्वा ग्रॅम घट आहे, आणि रोज हातात असलेल्या दागिन्याची इतकी झीज होणं अगदी शक्य आहे. हा कागद मूल्यमापकाला दाखवा. दागिना २००१ च्या कितीतरी आधी घरात होता, याचा याहून चांगला पुरावा सहसा सापडत नाही.

वडिलांनी १९९६ मध्ये घेतलेल्या ४० ग्रॅमच्या बांगड्यांची २२,००० ची पावती सापडली. आमचे सल्लागार म्हणतात २००१ चंच मूल्य घ्या. पावती वाया का?

वाया मुळीच नाही. २००१ आधीचं सोनं नेहमी स्वस्त असणार असं गृहीत धरलं जातं, पण १९९६ मध्ये दर दहा ग्रॅमला पाच हजारांच्या वर गेला होता आणि २००१ पर्यंत खाली आला होता. शिवाय पावतीत मजुरी आणि कर धरलेले असतात, तो सगळा खर्च तुमच्या मूळ किमतीत येतो. २२ कॅरेटच्या ४० ग्रॅमची २००१ ची सोन्याची किंमत साधारण १५,४०० होते. म्हणून २२,००० घ्या. करात फरक जेमतेम साडेआठशेचा पडेल, पण मूल्यमापकाकडे जायची गरज संपते.

जुना हार देऊन नवा घेतला. हातात एक रुपया आला नाही, उलट वर ४०,००० दिले. यावरही कर?

हो. अदलाबदल हीसुद्धा कराच्या दृष्टीने विक्रीच. सराफाने जुन्या हाराचे जितके पैसे धरले ती तुमची विक्रीची किंमत, आणि नव्या हाराची तारीख आणि किंमत आजपासून सुरू. आपलंच सोनं देऊन त्याच सोन्याचा दागिना घडवून घेतला आणि फक्त मजुरी भरली, तर ती विक्री होत नाही. दोन्हींतला फरक पावतीवर दिसतो: पहिल्यात जुनं सोनं "खरेदी" म्हणून वजा केलेलं असतं, दुसऱ्यात तुमचं सोनं जमा दाखवून केवळ घडणावळ लावलेली असते.

मला व्याजाचं दीड लाख उत्पन्न, बाकी काही नाही. सोन्याचा नफा आठ लाखांच्या आत आहे. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही, मग मला काहीच लागणार नाही ना?

लागेल. बारा लाखांपर्यंतची सूट ही कराची सवलत आहे आणि ती साडेबारा टक्क्यांच्या या नफ्याला लागू होत नाही. मात्र आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत चार लाखांची मूळ करमुक्त मर्यादा आहे. तिच्यातले दीड लाख व्याजाने वापरले, उरलेले अडीच लाख निवासी भारतीयाला या नफ्यातून वजा करता येतात. वरच्या उदाहरणातला ७,९३,८०० चा नफा धरला, तर कर ५,४३,८०० वर लागेल, उपकरासह ७०,६९४ रुपये. परदेशात राहणाऱ्या अनिवासी भावंडाला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे सारख्याच वाट्यावर दोघांचा कर वेगळा येईल. विवरणपत्र भरताना "सहज" म्हणजे आयटीआर-१ नव्हे, आयटीआर-२ भरा, आणि रक्कम बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत, तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर बसू शकतो.