दोन चुकीच्या उत्तरांतून बरोबर उत्तर: रॉम्बर्गवर प्रोजेक्ट करावा का?

*मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी. गणिताला आहे. पुढे सायंटिफिक कम्प्युटिंगमध्ये एम.एस्सी. करायचा विचार आहे. प्रोजेक्टसाठी सरांनी रॉम्बर्ग इंटिग्रेशन दिलंय. सूत्र पाठ आहे, तक्ताही भरता येतो. पण ट्रॅपेझॉइडल रूलची दोन चुकीची उत्तरं एकत्र करून जास्त बरोबर उत्तर कसं मिळतं, ते खरंच कळलेलं नाही. मित्र म्हणतात, हे कम्प्युटर एका ओळीत करतो, यावर कोण नोकरी देणार? विषय बदलू का?*

विषय बदलू नकोस. मात्र प्रोजेक्टमध्ये फक्त तक्ता भरून दाखवणार असशील, तर तुझ्या मित्रांचं म्हणणं खरं ठरेल. तक्ता भरणं हे आज कोणाचंच काम उरलेलं नाही. खरं उत्तर माहीत नसताना आपलं उत्तर किती बरोबर आहे हे सांगता येणं, हे मात्र काम आहे आणि त्याला पगार मिळतो. रॉम्बर्गमध्ये ते सगळ्यात स्वच्छ शिकता येतं, म्हणून आधी तुझ्या शंकेचं उत्तर देते आणि नोकरीचं नंतर बोलते.

१/x चं १ ते २ पर्यंतचं इंटिग्रल घे. त्याचं खरं उत्तर ln 2, म्हणजे ०.६९३१४७१८. ट्रॅपेझॉइडल रूलने एकच पट्टी घेतली तर ०.७५ येतं. दोन पट्ट्यांना ०.७०८३३३, चारला ०.६९७०२४ आणि आठला ०.६९४१२२. हा वक्र खालच्या बाजूला फुगलेला आहे, त्यामुळे समलंब चौकोनांच्या तिरक्या बाजू वक्राच्या वर राहतात आणि चारही उत्तरं खऱ्यापेक्षा मोठी येतात. म्हणून त्यांची सरासरी काढून काहीच साधत नाही. खरं उत्तर या चौघांच्या मध्ये नाहीच, ते सगळ्यांच्या खाली आहे. तिथे पोचायचं तर उत्तरं ज्या दिशेने सरकत आहेत त्या दिशेने पुढे जायला हवं. किती पुढे जायचं, एवढाच प्रश्न राहतो.

त्याचं उत्तर ऑयलर–मॅक्लॉरिन सूत्र देतं. फलन दोन्ही टोकांसकट पुरेसं गुळगुळीत असेल, तर ट्रॅपेझॉइडल रूलची चूक अस्ताव्यस्त नसते. तिला ठरावीक आकार असतो:

```
T(h) = I + c·h² + d·h⁴ + e·h⁶ + ...
```

इथे I म्हणजे खरं उत्तर, h म्हणजे पट्टीची रुंदी. c, d, e या संख्या फलनावर अवलंबून असतात, h वर नाही. सगळी किमया या शेवटच्या वाक्यात आहे, ते दोनदा वाच. c किती हे आपल्याला माहीत नसलं तरी चालतं. h निम्मा केला की पहिलं पद बरोबर एक चतुर्थांश होतं, एवढं माहीत असणं पुरतं. मग T(h/2) ला चारने गुणून त्यातून T(h) वजा केलं की c चं पद दोन्हीकडे सारखं असल्याने कटतं आणि ३I उरतो:

```
I ≈ (4·T(h/2) − T(h)) / 3
```

म्हणजे दोन उत्तरं चुकीची असली तरी ती एकाच नियमाने चुकलेली आहेत, आणि तो नियम वापरून आपण चूक बाहेर काढतो. ०.७५ आणि ०.७०८३३३ यांतून ०.६९४४४४ मिळतं. पुढच्या जोडीतून ०.६९३२५४, शेवटच्या जोडीतून ०.६९३१५५. हा दुसरा स्तंभ म्हणजे तुला माहीत असलेला सिम्प्सनचा नियमच आहे. त्यात आता h⁴ ची चूक उरली. h निम्मा केल्यावर ती सोळाव्या हिश्श्यावर येते, म्हणून पुढच्या स्तंभात गुणक १६ आणि भाजक १५, त्यापुढे ६४ आणि ६३. तू पाठ केलेल्या आकड्यांचा उगम हा आहे. पूर्ण तक्ता असा दिसतो:

```
0.750000
0.708333  0.694444
0.697024  0.693254  0.693175
0.694122  0.693155  0.693148  0.693147
```

शेवटच्या कोपऱ्यातलं उत्तर जास्त अंकांत ०.६९३१४७४८ आहे. त्यात चूक सुमारे ०.००००००३ उरते आणि फलनाच्या किमती लागल्या फक्त नऊ. नुसत्या ट्रॅपेझॉइडल रूलने इथवर यायला साडेचारशेच्या आसपास पट्ट्या लागल्या असत्या. शिवाय पट्ट्या दुप्पट करताना जुने बिंदू वाया जात नाहीत. जुन्या उत्तराचं निम्मं करून फक्त नव्या मधल्या बिंदूंची भर घालायची असते.

चूक अशी काढून टाकण्याची, म्हणजे एक्स्ट्रापोलेशनची, कल्पना रॉम्बर्गच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९११ च्या निबंधात दगडी धरणातले ताण आकडेमोडीने काढले, त्यात ही पद्धत भेटते. १९५५ मध्ये वेर्नर रॉम्बर्ग यांनी ती ट्रॅपेझॉइडल रूलवर पुन्हा पुन्हा लावून हा तक्ता मांडला. रिचर्डसन यांचं नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता मुख्य भाग. प्रोजेक्टमध्ये √x चं ० ते १ पर्यंतचं इंटिग्रल नक्की घाल. खरं उत्तर २/३. तसाच तक्ता, तेच नऊ बिंदू, तीच सूत्रं. शेवटच्या कोपऱ्यात येतं ०.६६३६०८, म्हणजे चूक ०.००३. मघाच्या गणितापेक्षा दहा हजार पट वाईट! प्रोग्रॅम कुठलीही तक्रार करत नाही. तो हे उत्तरही तितक्याच विश्वासाने छापतो.

खरं उत्तर माहीत नसताना हे ओळखायचं कसं? पहिल्या स्तंभात लागोपाठच्या उत्तरांमधले फरक काढ आणि त्यांचं गुणोत्तर बघ. चूक h² ची असेल तर हे गुणोत्तर ४ कडे जायला हवं. १/x साठी ते ३.६८ आणि मग ३.९० येतं, म्हणजे सगळं ठीक आहे. √x साठी २.६१ आणि २.६८ येतं. ते ४ कडे जातच नाही, २.८३ कडे, म्हणजे २ च्या दीडाव्या घाताकडे सरकतं. कारण शून्यापाशी √x चा उतार अनंत आहे. तिथे वरचं सूत्र लागू पडत नाही आणि चूक h च्या दीडाव्या घाताने कमी होते. आपण मात्र ४ आणि १ हीच वजनं वापरत राहिलो. नियम वेगळा असताना जुन्याच नियमाने चूक काढायला गेलो की ती निघत नाही.

उपाय त्याच निदानातून सापडतो. x = t² असं बसव. इंटिग्रल २t² चं होतं, टोकाचा दोष नाहीसा होतो. एका पट्टीला उत्तर १, दोन पट्ट्यांना ०.७५. आता (४ × ०.७५ − १) / ३ करून बघ. बरोबर २/३.

प्रोजेक्टसाठी एवढा प्रोग्रॅम पुरे:

```python
def romberg(f, a, b, n):
    h = b - a
    R = [[h * (f(a) + f(b)) / 2]]
    for k in range(1, n + 1):
        h /= 2
        s = sum(f(a + (2*i + 1)*h) for i in range(2**(k-1)))
        row = [R[-1][0] / 2 + h * s]
        for j in range(1, k + 1):
            row.append(row[-1] + (row[-1] - R[-1][j-1]) / (4**j - 1))
        R.append(row)
    return R
```

त्याच्या शेजारी गुणोत्तरांचा स्तंभ स्वतः जोड. एक गोष्ट सांभाळ. फरक खूप लहान होऊन १०⁻¹⁵ च्या आसपास आले की गुणोत्तरं वाट्टेल तशी येऊ लागतात. तो पद्धतीचा दोष नव्हे, संगणकाच्या दशांशांची मर्यादा तिथे संपते. ओळी तिथेच थांबव.

मित्रांच्या ‘एका ओळीत’बद्दल: पायथनच्या SciPy मध्ये `scipy.integrate.quad` आहे आणि रोजच्या कामाला तेच वापरावं. त्याच्या आत QUADPACK ही मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेली जुनी लायब्ररी चालते, आणि तीही एक्स्ट्रापोलेशन वापरते, फक्त वेगळ्या प्रकारचं. समान अंतरावरचे नमुने हातात असतील तर `scipy.integrate.romb` चालतं, पण त्याला नमुने २ᵏ + १ इतकेच लागतात: ९, १७, ३३ असे. दहा नमुने दिलेस तर ते नकार देईल. का नकार देतं हे तुला आता सांगता येईल.

आता नोकरी. पुण्यात वाहनं, पंप, इंजिनं यांच्यासाठी सीएफडी, म्हणजे प्रवाहांचं गणित संगणकावर सोडवणं, आणि सिम्युलेशन करणारे बरेच गट आहेत. त्यांच्या कामात इंटिग्रलऐवजी हवेचा किंवा पाण्याचा प्रवाह असतो आणि h च्या जागी मेशच्या, म्हणजे ज्या जाळीत जागा विभागतात तिच्या, पेशीचा आकार. एकच गणित जाड, मध्यम आणि बारीक अशा तीन मेशवर चालवतात. उत्तरांमधल्या फरकांच्या गुणोत्तरावरून चूक h च्या कितव्या घाताने कमी होतेय ते काढतात आणि मग एक्स्ट्रापोलेशन करून बारीक मेशच्या उत्तरातली अनिश्चितता टक्क्यांत सांगतात. याला ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स म्हणतात. पॅट्रिक रोश यांनी १९९४ मध्ये तो मांडला आणि त्याचा पाया म्हणजे रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन. तू √x साठी जे केलंस तेच हे. गुणोत्तर २.६८ असेल तर घात log(2.68)/log(2), म्हणजे १.४२. तिथे २ येण्याची अपेक्षा होती, म्हणून कुठेतरी कोपरा, धक्का किंवा बिघडलेली मेश आहे असा संशय घ्यायचा.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत सॉफ्टवेअर चालवणारी पुष्कळ असतात. मुलाखतीत ‘हे उत्तर बरोबर आहे कशावरून?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘सोल्व्हर कन्व्हर्ज झाला’ एवढंच सांगतात. सोल्व्हर थांबला म्हणजे त्या मेशवरची समीकरणं सुटली. मेश पुरेशी बारीक होती का, हा वेगळा प्रश्न आहे. तुझ्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर असेल.

एम.एस्सी.चा विचार योग्य आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सायंटिफिक कम्प्युटिंग विभागाचा अभ्यासक्रम बघ आणि प्रवेशाचे यंदाचे नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच तपास. पुढे नेट द्यायची असेल तर न्यूमरिकल इंटिग्रेशन गणिताच्या अभ्यासक्रमात आहेच. मात्र नुसती गणिताची पदवी घेऊन सीएफडीत शिरणं अवघड जातं. तिथे फ्लुइड मेकॅनिक्सचा एक पेपर आणि सी++ किंवा पायथन बऱ्यापैकी यावं लागतं.

सरांना विचारून प्रोजेक्टचं शीर्षक ‘रॉम्बर्ग इंटिग्रेशन: कुठे चालतं, कुठे फसतं, कसं ओळखावं’ असं करून घे. १/x आणि √x झाल्यावर तिसरं फलन 4/(1+x²) घे, ० ते १. उत्तर π येतं, पण तिसऱ्या स्तंभातली उत्तरं दुसऱ्यापेक्षा वाईट निघतील. दोन्ही टोकांना फलनाचं तिसरं डेरिव्हेटिव्ह काढून बघ, मग h⁴ च्या पदाचं काय होतं ते लिही. ते पान जमलं की मला पाठव, मी वाचेन.